आठ खुणांची बाटली

मे महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी, एयगिल मोन्स्टेडने सव्वीस नंबरची बस थांबा नसलेल्या जागी उभी केली, हँडब्रेक ओढला, आतल्या अकरा प्रवाशांकडे न बघता "आलोच" म्हणाला आणि खाली उतरून शेताकडे चालू लागला. रस्त्याच्या कडेला कुंपणाची झुडपं होती, पण ती कमरेएवढी, आणि बसच्या खिडक्या उंच. एवढा हिशेब त्याने उतरण्याआधी केला नव्हता. त्यामुळे तो चालत राहिला. शेताच्या पार टोकाला एक जुनं पाण्याचं टाकं होतं, तिथपर्यंत. टाक्याच्या आडोशाला उभं राहिल्यावर त्याच्या लक्षात आलं की अकरा माणसं आपल्याला इतका वेळ चालताना बघत होती, आणि आपण कशासाठी चालतोय हे त्यांतल्या एकालाही विचारावं लागलं नसेल.

तो परत आला तेव्हा सहा मिनिटं गेली होती. स्टेशनवर बस पोचली तेव्हा गाडी सुटून दोन मिनिटं झाली होती. तीन माणसं फलाटावर राहिली. त्यांतल्या एक होत्या निवृत्त शिक्षिका एलिनोर बाक. त्यांनी एयगिलला शाळेत भूगोल शिकवला होता, आणि तेव्हाही तो त्यांच्या मते वर्गातून फार वेळा बाहेर जाण्याची परवानगी मागायचा. बाईंनी तक्रार लिहिली. सुंदर अक्षरात, समास सोडून, सहा मिनिटांचा उल्लेख दोनदा करून.

एयगिल छप्पन्न वर्षांचा. त्यातली बावीस वर्षं सव्वीस नंबरवर. डेन्मार्कमधल्या पश्चिम युटलंडच्या फ्योर्डकाठी, म्हणजे खाडीकाठी, जे गाव आहे तिथून निघायचं, आठ खेडी करत व्होर्बीच्या चर्चपाशी जायचं, आणि परत यायचं. त्याआधी तो दुधाचा टँकर चालवायचा. गुनवर, त्याची बायको, म्हणायची, "दूध बोलत नाही म्हणून त्याने माणसं घेतली, आणि माणसं बोलतात म्हणून तो बोलत नाही." पण लोकांना तो हवासा होता. कोणत्या थांब्यावर कोणाचा गुडघा दुखतो हे त्याला ठाऊक होतं, आणि तिथे बस फुटपाथला इतकी चिकटून लागायची की मधून पत्त्याचं पानही सरकणार नाही. दुसरं त्याला काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

व्होर्बीच्या टोकाला संडास नव्हता. चर्चला होता, त्याला रविवार सोडून कुलूप. बावीस वर्षांत याची अडचण कधी झाली नाही, कारण एयगिल तहान लागली की प्यायचा आणि नाही लागली की नाही प्यायचा. पहाटे दोन कप कॉफी, नाश्त्याला दही, अकरा वाजता आगारात परतल्यावर मोठा पेला पाणी आणि आणखी कॉफी. दुपारी बटाटे, सूप, जे असेल ते. पहाटे लघवी गडद, दुपारी फिकी. याकडे कुणी बघत असतं का, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

बघायला लावलं ते टोर्किल स्कोवने.

टोर्किल चार नंबर चालवायचा आणि आगारातला सुरक्षा-प्रतिनिधी होता, म्हणजे चालकांनी निवडून दिलेला, आरोग्याबिरोग्याचं बघणारा. आणि तो एयगिलचा मित्र होता. साधासुधा नव्हे. अठरा वर्षं दोघांची मिळून एक होडी होती. एयगिलचे वडील गेले तेव्हा शवपेटीचा एक कोपरा टोर्किलच्या खांद्यावर होता. असा माणूस काही सांगतो तेव्हा आपण ते तपासून घेत नाही.

मार्चमध्ये त्याने बाटल्या आणल्या. निळ्या, दोन लिटरच्या, बाहेरून आठ खुणा, प्रत्येक खुणेपुढे तास छापलेला. सातला पहिली, दोनला आठवी. आगाराच्या मुतारीत नजरेच्या उंचीवर त्याने रंगांचा तक्ता चिकटवला: वर जवळजवळ पांढरा, मग पेंढ्यासारखा, मग पिवळा, खाली खाली तपकिरी. चालकांनी दोन दिवसांत त्या रंगांना बिअरची नावं दिली. फिकी पिल्सनर चालेल, नाताळातली काळी आली तर डॉक्टरकडे. बेन्ट नावाचा एक चालक एका सकाळी घाबरून बाहेर आला, म्हणाला, माझा तर रस्ता-दुरुस्तीवाल्यांच्या जाकिटासारखा पिवळा आहे, हा तक्त्यावरच नाही. तो बायकोच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या खातो हे कळल्यावर हशा पिकला.

आणि जेवणाच्या खोलीत फळ्यावर एक मोठा कागद. डावीकडे सगळ्यांची नावं, पुढे दिवसाला आठ चौकटी. प्यालास की फुली मारायची.

"आठ पेले रोज," टोर्किल म्हणाला. "डॉक्टर लोकच सांगतात."

"मला तहान नाही लागत एवढी," एयगिल म्हणाला.

"तेच तर. तहान लागली म्हणजे उशीर झाला, गड्या. आतून वाळलेला असतोस तू तेव्हा."

"आणि कॉफी?"

"कॉफी धरायची नाही. ती उलट पाणी ओढते."

एयगिल प्रामाणिक माणूस. हा त्याचा गुण होता की रोग, यावर गुनवरचं मत दिवसागणिक बदलायचं. त्याने रोज आठ खुणा प्यायल्या, कॉफी वेगळी, सूप वेगळं, आणि रोज आठ फुल्या मारल्या. एकदा दुपारी एक पेला राहिला तर घरी जाऊन तो पिऊन, दुसऱ्या दिवशी येऊन आदल्या दिवसाच्या चौकटीत फुली मारली. आठवडाभरात तक्त्यावरच्या पहिल्या रंगापर्यंत पोचला. टोर्किलने पाठ थोपटली. "वोडका. बघा रे, शिका काहीतरी."

आठवडाभरातच तो व्होर्बीच्या स्मशानाच्या भिंतीमागेही पोचला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. भिंतीच्या पलीकडे त्याची आत्या पुरलेली होती. त्याला ते फार लागलं. त्याने टोर्किलला सांगितलं, अरे, दर फेरीला होतंय, जमत नाही. टोर्किल म्हणाला, "दोन आठवडे थांब. मूत्राशयाला सवय होते." दोन आठवडे झाले, सहा झाले, दहा झाले. रात्रीही उठावं लागे. गुनवर म्हणाली, "तुझ्यापेक्षा आपलं मांजर कमी वेळा दार उघडायला लावतं." मूत्राशयाला सवय झाली नाही. एयगिलला वाटलं, आपल्यातच काहीतरी कमी असणार. बाकीचे सगळेही पीतच होते ना. फळ्यावर फुल्या दिसत होत्या.

मग तो मंगळवार आला.

शुक्रवारी आगारप्रमुख रिग्मोरने त्याला बोलावलं. अशा बोलावण्याला चालकाच्या बाजूने एक माणूस शेजारी बसतो, तशी रीत आहे. एयगिलच्या शेजारी कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. टोर्किल बसला. येताना त्याने एयगिलचा खांदा दाबला होता.

रिग्मोर सभ्य बाई. तिने तक्रार वाचून दाखवली, सहा मिनिटं दोन्ही वेळा वाचली, आणि विचारलं, "एयगिल, हे असं पहिल्यांदाच झालं का?"

"रस्त्यात पहिल्यांदा," एयगिल म्हणाला. मग स्मशानाची भिंत आठवली, आणि खोटं बोलता येत नसल्यामुळे म्हणाला, "पण दर फेरीला जावं लागतं. त्या बाटलीमुळे. आठ खुणा आहेत ना."

रिग्मोरने टोर्किलकडे बघितलं. तिच्या मेजावरही तशीच निळी बाटली होती, पेनं ठेवायला.

टोर्किलने घसा साफ केला. "ती मोहीम ऐच्छिक होती," तो म्हणाला. "सगळे पितात. दुसऱ्या कुणाला काही झालेलं नाही. मी मित्र म्हणून बोलतो, रिग्मोर. एयगिल छप्पन्नचा आहे. साखर असेल, प्रोस्टेट असेल. एकदा तपासून घेतलेलं बरं. त्याच्याच भल्यासाठी."

एयगिल समोरच्या भिंतीवरचं सुट्ट्यांचं कॅलेंडर बघत होता. आपल्या बाजूच्या खुर्चीतून हा आवाज आला, हे त्याला जरा वेळाने उमगलं.

रिग्मोरला दुसरा मार्ग राहिला नाही. बसचा परवाना ज्या माणसाकडे आहे त्याला साखरेचा आजार असेल अशी शंका बैठकीच्या नोंदीत आली की डॉक्टरचा दाखला येईपर्यंत तो बस चालवू शकत नाही. आणि उन्हाळी वेळापत्रक तीन आठवड्यांवर आलं होतं. त्याआधी कोण कुठली लाइन चालवणार याची यादी बंद होते. दाखला आला नाही तर सव्वीस नंबर दुसऱ्या कुणाला, आणि एयगिल आगारात, बसेस धुवायला.

"मला वाटलं तू सांगशील की कागद तू लावलास," जिन्यात एयगिल म्हणाला.

"सांगून काय झालं असतं? दोघं अडकलो असतो." टोर्किल एक पायरी खाली उभा होता, त्यामुळे वर बघून बोलत होता. "मी आत राहिलो तर तुला मदत करू शकतो. विचार कर जरा."

एयगिलने विचार केला. अकरा दिवस दुसरं काही केलंच नाही, कारण दुसरं काही करायला नव्हतं. घरी बसून तो आठ पेले पीत राहिला. गुनवरने बाटली उचलली तर म्हणाला, "राहू दे. सोडली तर म्हणतील, बघा, बाटलीचा दोष नव्हता, सोडूनही होतंच." गुनवरला यातला तर्क कळला नाही. त्यात तर्क नव्हताच. अठरा वर्षांच्या होडीवर अजून विश्वास ठेवायची ती एक पद्धत होती.

बाराव्या दिवशी डॉक्टर वीबेकेकडे नंबर लागला. तिने रक्त घेतलं, लघवी घेतली, हातमोजा घालून जे तपासायचं तेही तपासलं, आणि दोन दिवसांनी त्याला परत बोलावलं. साखर नाही. प्रोस्टेट वयाच्या मानाने ठीक. लघवीची बाटली तिने उजेडात धरली. "ही नळाखाली भरून आणलीस का?"

"नाही. वोडका आहे," एयगिल म्हणाला, आणि मग काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला.

"दिवसभरात काय काय पितोस, सगळं सांग."

त्याने सांगितलं. आठ खुणा. पाच कप कॉफी. दही, सूप, संध्याकाळी चहा. वीबेके लिहीत गेली आणि लिहिता लिहिता थांबली.

"आठ पेले कुणी सांगितले?"

"डॉक्टर लोक सांगतात."

"कुठले? मी तर नाही सांगितलं." तिने पेन खाली ठेवलं. "असा आकडा नसतोच, एयगिल. माणूस किती मोठा आहे, काम काय करतो, ऊन किती आहे, त्यावर असतं. आणि पाणी फक्त पेल्यातून जात नाही. दही, सूप, बटाटा, काकडी, सगळ्यांत पाणीच असतं. कॉफीही मोजायची. तुला बावीस वर्षं सवय आहे, तिने तू काही वाळत नाहीस."

"तहान लागली म्हणजे उशीर झाला म्हणतात."

"तहान लागली म्हणजे वेळेवर घंटा वाजली. शरीर बरंच आधी वाजवतं ती. तू तर घंटा वाजायच्या आधीच दार उघडून उभा राहतोस." ती हसली. "सत्तरीला आलास की घंटा मंदावते, तेव्हा आपण परत बोलू. ऊन फार असेल, ताप असेल, तर थोडं जास्त. एरवी तहान लागली की पी, आणि दिवसा रंग पेंढ्यासारखा फिका असला की झालं. पहाटेचा गडद असतो, त्याला घाबरू नकोस, रात्रभर काही प्यालेला नसतोस. आणि दिवसभर पाण्यासारखा पांढरा दिसत असेल तर ते बक्षीस नाही. मूत्रपिंडं तुला सांगतायत की हे आम्हाला नको होतं."

एयगिलने शर्टाची बाही खाली ओढली. मग म्हणाला, "म्हणजे मला काही झालेलं नाही."

"तुला पाणी झालंय."

तिने त्याला पाच दिवस दिले. बाटली बंद. तहान लागेल तेव्हाच पेला भरायचा, आणि किती वाजता लघवीला गेला, रंग काय, एवढं लिहून आणायचं. एयगिलने वहीत आखणी केली. पहिल्या दिवशी सवयीने हात बाटलीकडे जाई. दुसऱ्या दिवशी दुपारी, बागेत बटाट्यांना माती लावताना, घसा कोरडा झाला आणि त्याला चक्क तहान लागली. मार्चपासून पहिल्यांदा. तो वाकून नळालाच तोंड लावून प्यायला. गुनवर खिडकीतून बघत होती. तिसऱ्या दिवसापासून तो सकाळी साडेपाचला जायचा आणि मग दहाच्या सुमारास. वहीत पेंढा, पेंढा, पेंढा.

वीबेकेने दाखला लिहिला. आजार नाही. कारण: गरजेपेक्षा जास्त पाणी, कामाच्या ठिकाणच्या मोहिमेनुसार. यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी एयगिल तो घेऊन आगारात गेला. रिग्मोरने दोनदा वाचला, मेजावरची निळी बाटली उचलून पेनांसकट खणात ठेवली आणि सव्वीस नंबरपुढे त्याचं नाव लिहिलं. एक अट राहिली: इतके दिवस बस हातात नव्हती, तर पहिल्या दिवशी कुणीतरी सोबत बसायचं.

बाहेर पडताना तो जेवणाच्या खोलीत थांबला. कागद अजून फळ्यावर होता. इतक्या दिवसांत त्याने फक्त आपली ओळ बघितली होती. आता टोर्किलची बघितली. एयगिलच्या फुल्या वेगवेगळ्या होत्या, काही निळ्या, काही काळ्या, कधी पेन न उमटल्याने दोनदा गिरवलेल्या. टोर्किलच्या फुल्या नव्हत्याच. सोमवारपासून रविवारपर्यंत एकच वळणावळणाची रेघ, पेन न उचलता, आठवडाभराची एका दमात. दर आठवड्याला तशीच. रविवारी तर तो कामावरच नसायचा.

सोल्वाय कोपऱ्यात पाव खात होती. ती शाळेच्या फेऱ्या चालवायची, आणि एकाआड एक रविवारी गावातली एक फेरी. तिने त्याला बघताना बघितलं.

"तू खरंच पीत होतास?" ती म्हणाली. हळू आवाजात, जसं आजाऱ्याला विचारतात.

"तुम्ही नव्हता पीत?"

"बस चालवताना? दोन लिटर?" सोल्वायने पाव खाली ठेवला. "आम्ही बस धुवायच्या जागी ओतायचो. सगळेच. टोर्किलनेच दाखवलं कुठे ओतायचं ते. त्याला वरच्या कार्यालयात आकडे पाठवायचे होते, चांगले दिसावेत म्हणून. आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल. तुम्ही दोघं तर…" तिने वाक्य सोडून दिलं.

एयगिल खुर्चीवर बसला. सहा मिनिटं नाहीत, पण बराच वेळ. सोल्वायने त्याच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला, मग तिचं तिलाच कळलं आणि तिने तो परत ओढून घेतला. ते बघून एयगिल हसला. फार नाही.

"पहिल्या दिवशी माझ्या मागे कोण बसणार?" त्याने विचारलं.

"कधी आहे?"

"रविवारी."

तो रविवार सोल्वायचा सुट्टीचा. तिच्या बहिणीकडे बाप्तिस्मा होता. ती थोडा वेळ पावाकडे बघत राहिली. "जेवणाला पोचेन मी," ती म्हणाली. "पण एक रविवार देणं लागतोस तू मला. माझी फेरी मारायची."

तो रविवार नीट गेला. एलिनोर बाक तिसऱ्या थांब्यावर चढल्या. त्यांनी एयगिलकडे बघितलं, मग पहिल्याच बाकावर बसलेल्या सोल्वायकडे, आणि म्हणाल्या, "आज वर्गावर दोन शिक्षक?" बस फुटपाथला अशी लागली होती की बाईंचा पाय अलगद आत आला. व्होर्बीला एयगिलने इंजिन बंद केलं, थर्मासमधली अर्धा कप कॉफी प्यायली, आणि स्मशानाच्या भिंतीकडे न बघता पंधरा मिनिटं वर्तमानपत्र वाचलं.

टोर्किल भेटला जूनच्या शेवटी. त्याची गाडी गॅरेजमध्ये होती, म्हणून बंदराच्या थांब्यावर तो सव्वीस नंबरमध्ये चढला आणि चालकाच्या शेजारच्या दांड्याला धरून उभा राहिला. बसमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

"खाडीत हॉर्नफिश मासे आलेत म्हणे," तो म्हणाला. "होडी यंदा पाण्यात गेलीच नाही."

"तू घाल."

"एकट्याने?" टोर्किलने वाट बघितली. "एयगिल, किती दिवस धरणार आहेस? तुझी लाइन तुला मिळाली. कागद मी काढला. बाटल्या मी परत केल्या. अजून काय पाहिजे?"

"तू प्यायला असतास," एयगिल म्हणाला, "आणि मग म्हणाला असतास की एयगिलमध्ये खोट आहे, तर मी मानलं असतं. मला वाटलं असतं, तो पितो, त्याला जमतं, मला जमत नाही. मी दहा आठवडे तेच समजत होतो."

"अरे, कोण पितं एवढं? मला वाटलं तुला समजतंय. सगळ्यांना समजलं."

"मला तू सांगितलंस. म्हणून मी नाही समजून घेतलं."

टोर्किल पुढच्या काचेतून बघत राहिला. मोहरीसारख्या रेपसीडची पिवळी फुलं झडून गेली होती, शेत हिरवंगार होतं. कडेची कमरेएवढी झुडपं मागे गेली, शेताच्या टोकाचं टाकं मागे गेलं. दोघांनीही तिकडे बघितलं नाही, आणि दोघांनीही बघायचं टाळलं हे दोघांना कळलं.

"सोल्वाय म्हणत होती, तिचा एक रविवार आहे तुझ्याकडे," जरा वेळाने टोर्किल म्हणाला. "येत्या रविवारी मी मोकळा आहे. तिची फेरी मी मारतो. तुझ्या वतीने. म्हणजे एवढं तरी…"

"नको."

"फेरीच आहे रे एक."

"तुझी नाही ती." एयगिलने वळायचा दिवा लावला आणि बस थांब्याला घेतली. "मी देईन. यंदाच्या उन्हाळ्यात माझे सगळे रविवार सव्वीसला लागलेत. सप्टेंबरमध्ये बघू. ती थांबेल."

टोर्किल उतरला. त्याने उतरून मागे वळून हात केला की नाही ते एयगिलला कळलं नाही, कारण तो आरशात बघत नव्हता. दार बंद झालं. पुढच्या थांब्यापर्यंत तीन किलोमीटर होते, आणि त्याला थोडी तहान लागली होती. फार नाही. व्होर्बीपर्यंत थांबण्याइतकी. सोल्वायचा रविवार मात्र अजून त्याच्याकडेच आहे.